जबाब लिहिणाऱ्या हवालदार भाऊंना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत साक्षीदारांचे जबाब लिहिणारे तमाम तपासी अंमलदार, जमादार, हवालदार भाऊ

नमस्कार. मी रिटायर्ड कोर्ट टायपिस्ट. आयुष्याची बरीच वर्षं तालुक्याच्या कोर्टात साहेबांच्या डाव्या हाताला बसून साक्षी टाइप करण्यात गेली, आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. वकील नाही, त्यामुळे कायद्याचं ज्ञान मिरवायचं नाहीये. पण एक वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की आता झोपेतही बोटं चालतील. "सदरची बाब मी पोलिसांना जबाब देतेवेळी सांगितली होती, ती माझ्या जबाबात का नमूद नाही याचे कारण मी सांगू शकत नाही."

भाऊ हो, या वाक्यात साक्षीदाराची अर्धी अब्रू जाते. आणि हे वाक्य जन्माला येतं ते तुमच्या टेबलावर, उलटतपासात फक्त त्याचं बारसं होतं. म्हणून हे पत्र तुम्हाला, वकिलांना नाही.

एक केस सांगतो. जुनी आहे, निकाल लागून गेलाय, नावं-गावं सांगणार नाही. तापीकाठचं गाव, केळीचा मळा, दोन चुलत भावांचा बांधावरून वाद. नोव्हेंबर महिना. संध्याकाळी मळ्यात एकाच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. मार मागून आला म्हणून त्याला स्वतःला काही दिसलं नाही, नुसता खाली पडला. बघणारा एकच, त्याचा सालदार. पन्नाशीचा माणूस, शाळा नाही, बोलणं सगळं अहिराणीत. बाकी दोन साक्षीदार आरडाओरडा ऐकून नंतर पळत आलेले.

सालदाराचा जबाब घेतला चौथ्या दिवशी. आता त्याने जबाबात काय सांगितलं हे मला कसं ठाऊक म्हणाल, तर साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तो दुसऱ्या एका म्हाताऱ्याला सगळं सांगत होता आणि मी चहाला उभा होतो. म्हणाला, "दिवाबत्तीनी येळ व्हती, मी तठेच, फिल्टरजोडे. कुऱ्हाड उलटी धरेल व्हती, तुंबा बसना डोकामा." म्हणजे तीन गोष्टी. दिवेलागणीची वेळ. ठिबकच्या फिल्टरजवळ तो उभा, तिथून सरी सरळ दिसते. आणि मार धारेचा नाही, तुंब्याचा, कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूचा.

आणि जबाबात काय होतं? "दि. अमुक रोजी सायंकाळी अंदाजे १९.०० वा. चे सुमारास मी मळ्यात काम करीत असताना आरोपीने त्याचे हातातील कुऱ्हाडीने धारेकडून डोक्यत वार करून गंभीर दुखापत केली." संपलं. फिल्टर नाही, सरी नाही, तुंबा नाही. आणि हो, "डोक्यत" हे मी चुकून टाइप नाही केलं, जबाबात तसंच होतं, का सांगतोय ते पुढे येईल.

सात कुठून आले? माझा अंदाज असा की जखमीला दवाखान्यात आणल्याची वेळ पावणेआठ होती, त्यातनं हिशेब मागे नेऊन सात लिहिले गेले. सालदाराच्या हातात घड्याळ नव्हतं, त्याने आकडा सांगितलेलाच नव्हता. आणि धार का, तर कुऱ्हाड म्हटलं की धारेनेच मारतात असं आपण धरून चालतो, शिवाय धारदार हत्याराचं कलम लागतं.

आता सरतपास. सरकारी वकिलांनी विचारलं, "काय पाहिलं ते सांगा." बस, एवढंच विचारता येतं. कारण सरतपासात सूचक प्रश्न चालत नाही, म्हणजे ज्या प्रश्नातच हवं ते उत्तर बसवलेलं आहे तो. नाव-गाव-धंदा, ज्यावर वादच नाही अशा गोष्टी सुचवून विचारल्या तर कोणी हरकत घेत नाही आणि कोर्टही परवानगी देतं, पण मुख्य गोष्टीवर "धारेने मारलं ना?" असं विचारलं की समोरून लगेच "लीडिंग आहे साहेब". त्यामुळे साक्षीदाराने आपणहून सांगायचं. त्याने सांगितलं, जे खरं होतं तेच. तुंबा. फिल्टर. दिवाबत्ती.

सरकारी वकिलांच्या हातात तुमचा जबाब. त्यांनी जबाब बघितला, सालदाराकडे बघितलं, परत जबाब बघितला. त्यांचाही दोष नाही, त्या दिवशी बोर्डावर ढिगाने कामं होती आणि हा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांना वाटलं आरोपीकडच्यांनी ह्याला फोडला, धारेचा तुंबा करून गुन्हा हलका करतोय. त्यांनी अर्ज न करता तोंडीच परवानगी मागितली आणि साक्षीदार फितूर ठरला.

फितूर म्हणजे काय हे गावात लोकांना वाटतं तसं नाही. कोर्ट त्याला खोटारडा म्हणत नाही. जुन्या पुरावा कायद्यात १५४ कलम होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात ते १५७ आहे, त्यानुसार आपल्याच साक्षीदाराला उलटतपासात विचारतात तसे प्रश्न विचारायची परवानगी मिळते, म्हणजे सूचक प्रश्नाचं दार उघडतं. आणि फितूर ठरला म्हणून त्याची साक्ष पुसली जात नाही, त्यातला जो भाग पटतो तो कोर्ट घेऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने सत पॉल केसमध्ये १९७६ पर्यंतच स्पष्ट करून ठेवलंय. पण पिंजऱ्यात उभ्या माणसाला हे कोण सांगणार, त्याला फक्त एवढं कळलं की आपल्या बाजूचा वकील आपल्यावर चिडला.

"तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं की धारेकडून वार केला?"

"नही साहेब."

मग जबाबातला तो भाग त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला असं मी सांगितलं नाही, पोलिसांनी का लिहिलं माहीत नाही. त्या भागाला खूण केली, "पोर्शन मार्क ए". ही पायरी महत्त्वाची आहे, नुसतं "तुमचा जबाब वेगळा आहे" म्हणून चालत नाही, नेमका कोणता भाग ते साक्षीदारासमोर ठेवावंच लागतं, त्याला खुलासा करायची संधी द्यावी लागते आणि नंतर ज्याने जबाब लिहिला त्याच्याकडून तो भाग शाबीत करून घ्यावा लागतो. व्ही. के. मिश्रा केसमध्ये २०१५ साली सुप्रीम कोर्टाने ही पद्धत परत एकदा नीट सांगितलीय. आमच्याकडे घाईघाईत कितीतरी वेळा खूण होते आणि तपासी अंमलदाराला विचारायचंच राहून जातं, मग ती खूण नुसती पेन्सिलची रेघ.

आता आरोपीचे वकील उठले. जळगावहून आलेले, शांत माणूस. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. लोकांना वाटतं उलटतपास म्हणजे दरडावणं, तसं काही नसतं हो, चांगला उलटतपास इतका गोड असतो की साक्षीदार मान डोलवत डोलवत खड्ड्यात जातो.

"नोव्हेंबरात सात वाजता अंधार असतो ना बाबा?" हो.
"केळी तुमच्या डोक्यावरून उंच होती?" हो.
"दोन्ही ओळींची पानं एकमेकात गेली होती?" हो.
"मळ्यात लाइट नाही?" नाही.

चार प्रश्न, चारही सूचक, चारही एकदम कायदेशीर, कारण उलटतपासात सूचक प्रश्न चालतात, त्यासाठीच तो असतो. आणि चारही उत्तरं खरी. पण इथे माझ्या टेबलावर काय होतं ते बघा. साक्ष आम्ही सहसा प्रश्नोत्तरं म्हणून लिहीत नाही, सलग लिहितो, साहेब सांगतात आणि मी टाइप करतो. त्यामुळे सालदार नुसता "हो" म्हणाला आणि कागदावर आलं, "हे म्हणणे बरोबर आहे की, नोव्हेंबर महिन्यात सायंकाळी ७ वाजता अंधार असतो. हे म्हणणे बरोबर आहे की, केळीची झाडे माझ्या उंचीपेक्षा उंच होती व त्यांची पाने एकमेकांत गेलेली होती." वाक्य वकिलाचं, "हो" साक्षीदाराचा, आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं साक्षीदारच बोललाय. वरच्या कोर्टात अपील गेलं तर तिथले साहेब हाच कागद वाचणार, तो "हो" किती अडखळत आला ते त्यांना दिसणार नाही.

सालदार मध्येच म्हणाला, सात नाही, दिवाबत्तीची वेळ होती, उजेड होता. आपल्याकडे नोव्हेंबरात सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, म्हणजे सहाला माणूस ओळखू येतो, सातला मिट्ट काळोख. तो एक तासच केस होती. वकील हसले आणि तीन प्रश्न टाकले. उजेड होता हे पोलिसांना सांगितलं होतं का? सांगितलं होतं. मग जबाबात का नाही? आणि माझ्या बोटांनी ते नेहमीचं वाक्य टाइप केलं. फिल्टरजवळ उभा होतो हे सांगितलं होतं का? परत तेच वाक्य. सरी सरळ दिसते हे? परत तेच. पाठोपाठ तीनदा.

मग शेवटचा घाव. "तुम्ही मालकाकडून यंदा उचल घेतली आहे?" हो, घेतलीय, सालदार म्हटल्यावर उचल आलीच. "मालक जिंकला नाही तर तुमचं साल मोडेल?" साहेबांनी तो प्रश्न येऊ दिला. सालदार गप्प. लिहिलं, "साक्षीदार उत्तर देत नाही." आणि मग प्रथेप्रमाणे, "हे म्हणणे खरे नाही की, मी मालकाच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे."

खाली उतरून तो माझ्या टेबलापाशी आला, अंगठा दिला, आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मी खोटं बोलनू का?" मी त्याला भत्त्यासाठी नाझरकडे पाठवलं. दुसरं काय करणार, टायपिस्टने साक्षीदाराशी बोलायचं नसतं.

आता कळीचा भाग, जो तुमच्यापैकी कितीजणांनी नीट वाचलाय माहीत नाही. पोलिसांनी घेतलेला जबाब हा पुरावा नाही. जुन्या सीआरपीसीचं १६२, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं १८१, दोन्हीत तेच आहे. साक्षीदार कोर्टात खरं बोलला तर "बघा, जबाबातही असंच होतं" म्हणून तो त्याच्या मदतीला आणता येत नाही. तो वापरता येतो तो फक्त त्याला खोडायला, आरोपीकडून, आणि कोर्टाची परवानगी असेल तर सरकारकडून. म्हणजे तुम्ही जबाबात दहा गोष्टी बरोबर लिहिल्या तर त्याचा साक्षीदाराला काही उपयोग नाही, आणि एक चुकीची लिहिली तर ती त्याच्या मानेवर. फिर्यादीचं वेगळं असतं, तिच्यावर सही असते आणि ती फिर्यादीला दुजोरा द्यायलाही वापरता येते. जबाबावर तर सही घ्यायचीच नाही असं कायदा म्हणतो, तरी काही ठाण्यांत अंगठे घेतलेले मी पाहिलेत, का घेतात देव जाणे.

आणि न लिहिलेली गोष्टही खोडायला चालते बरं का. १९५९ साली तहसीलदार सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टात याच्यावर मोठा खल झाला होता. आता कायद्यातच स्पष्टीकरण आहे की राहिलेली गोष्ट महत्त्वाची असेल, त्या संदर्भात ती सांगितल्याशिवाय माणूस राहिलाच नसता अशी असेल, तर ती विसंगतीच धरता येते. शर्टाचा रंग राहिला तर कोणी विचारत नाही. १९८३ साली गुजरातच्या एका केसमध्ये कोर्टाने म्हटलंय की साक्षीदाराच्या डोक्यात कॅमेरा नसतो, वेळेचा अंदाज माणसागणिक बदलतो, बारीकसारीक फरकांवर केस फेकू नका. पण कुठे उभा होता, उजेड होता का, हत्याराची कोणती बाजू लागली, हे बारीकसारीक नाही. त्यातच पाहणाऱ्याचं पाहणं आहे.

मग डॉक्टर आले. डोक्याच्या डाव्या बाजूला पाच सेंटीमीटरची जखम, कडा फाटलेल्या आणि चेचलेल्या, रिपोर्टमध्ये सीएलडब्ल्यू. आरोपीच्या वकिलांनी एकच विचारलं, कुऱ्हाडीच्या धारेने अशी जखम होते का? नाही, धारेची जखम कापलेली असते, कडा सरळ असतात. झालं. म्हणजे डॉक्टरचा कागद सालदाराच्या तुंब्याशी तंतोतंत जुळत होता, आणि तुमच्या जबाबातल्या धारेशी अजिबात नाही. पण तोपर्यंत सालदार फितूर होऊन गेला होता आणि बाकीचे दोघे धारेवर ठाम होते, कारण त्यांच्या जबाबात धार होती.

त्यांचं पण सांगतो. शेवटी तपासी अंमलदार पिंजऱ्यात आले. हवालदार, ओळखीचे, चांगला माणूस, चोऱ्यांच्या तपासात हुशार. वकिलांनी तिन्ही जबाब त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारलं, "तिन्ही जबाबांत 'डोक्यात' ऐवजी 'डोक्यत' असंच आहे ना?" हवालदारांनी बघितलं. हो. "तिन्ही साक्षीदार एकच चूक बोलले का?" कोर्टात हसू फुटलं. कॉम्प्युटरवर एक जबाब करायचा, नाव-वय बदलायचं, प्रिंट मारायची. जे दोघे आरडाओरडा ऐकून नंतर आले त्यांच्याही तोंडी "माझे समक्ष वार केला" येऊन बसलं. आणि ते बिचारे कोर्टात ते टिकवायला गेले, उलटतपासात दोन मिनिटं टिकलं नाही, कारण त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. कायद्यात प्रत्येकाच्या जबाबाची "स्वतंत्र आणि खरी" नोंद करा असे शब्द आहेत, पूर्वी १६१ मध्ये, आता १८० मध्ये.

आणि मग तो प्रश्न आला. "सालदाराने तुम्हाला जबाब देताना सांगितलं होतं का की तो फिल्टरजवळ होता आणि उजेड होता?"

हवालदारांनी साहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सांगितलं होतं पण मी लिहिलं नाही" असं ते कसं म्हणणार, नोकरीचा प्रश्न. आठवतही नसेल कदाचित, वर्षं झाली होती. म्हणाले, "नाही. त्यांनी जसं सांगितलं तसंच मी लिहिलं." मी टाइप केलं. या एका वाक्याने राहिलेल्या तिन्ही गोष्टी शाबीत झाल्या की सालदाराने त्या कोर्टात नव्याने जोडल्या, आणि पोर्शन मार्क ए ला निशाणी नंबर पडला, म्हणजे त्याने आधी धार सांगितली आणि नंतर पलटला. एक खरं बोलणारा माणूस कागदावर दोन्हीकडून खोटा झाला.

आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. ते जजमेंटही मीच टाइप केलं, आणि सांगतो, साहेबांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्यापुढे जे कागद होते त्यावरून शिक्षा देणं अवघडच होतं. आरोपीच्या वकिलांनाही शिव्या देऊ नका, त्यांनी खोटा प्रश्न एक विचारला नाही. उलट त्या दोन नंतर आलेल्या साक्षीदारांचं खोटं "समक्ष" त्यांनीच उघडं पाडलं, आणि तिथे निर्दोष माणूस उभा असता तर आपण सगळ्यांनी त्यांना हार घातला असता. उलटतपास आंधळा असतो, समोरचं लिखाण खोटं आहे की साक्षीदार खोटा आहे हे त्याला कळत नाही, तो दोघांमधली फट दाखवतो.

म्हणून एवढंच मागणं आहे भाऊ हो. साक्षीदार आकडा बोलला नसेल तर आकडा लिहू नका, "दिवाबत्तीची वेळ" म्हणाला तर तेच लिहा, अवतरणात लिहा, अहिराणी शब्द आला तर आला, तावडी बोलणारा असो की पावरी, त्याचा शब्द आधी आणि कंसात तुमचा अर्थ. हत्यार म्हटलं की कोणती बाजू हे विचारा, कुऱ्हाड-विळा-फावडं सगळ्याला दोन बाजू असतात. कुठे उभा होता, मध्ये काय होतं, उजेड कशाचा होता, आरोपीला आधीपासून ओळखतो का, हे चार प्रश्न समोर आरोपीचा वकील बसलाय असं समजून तुम्हीच आधी विचारा, कारण तो विचारणारच आहे. चार दिवस थांबू नका, थांबावं लागलं तर का थांबलात ते केस डायरीत लिहून ठेवा. जो नंतर आला तो नंतर आला असंच लिहा, त्याने जखमीला पडलेलं पाहिलं एवढंही कामाचं असतं. आणि मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहे, जबाब ऑडिओ-व्हिडिओने घेता येतो ही सोय नवीन नाही, २००९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. रेकॉर्डिंग असतं तर त्या दिवशी तुंबा शब्द ऐकू आला असता.

सगळ्यात शेवटी लिहिलेलं त्याला वाचून दाखवा. "सदर इसमाने" वगैरे भाषेत नाही, त्याला कळेल असं. त्या सालदाराला कोणी वाचून दाखवलं असतं की तू धारेने वार म्हणालास, तर तो तिथेच टेबलापाशी उभा राहून म्हणाला असता, "नही जमादार, तुंबा, तुंबा."

तुमचाच,
तालुका कोर्टातला एक रिटायर्ड टायपिस्ट